39.9 वरून 39.11 : अचानक गुळगुळीत झालेल्या कॉपीचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवर पावसाळ्यात घडलं. दैनिकाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. कॉपीतले, म्हणजे बातमीदाराने डेस्ककडे पाठवलेल्या मजकुरातले, उतारे ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत, पण चूक कुठे होती ते त्यातून नीट दिसेल.

पार्श्वभूमी

बातमीदार पंचविशीच्या आतला, भोगावती नदीकाठच्या गावातला. पत्रकारितेची पदविका घेऊन तो शहर कार्यालयात लागला होता. महापालिका हे त्याचं बीट. पावसाळ्यात पूरनियंत्रण कक्ष आणि नदीकाठही त्याच्याकडे असायचा. उपसंपादक बाई त्याच डेस्कवर बऱ्याच वर्षांपासून काम करणाऱ्या. संध्याकाळी येऊन शहराची दोन पानं लावायची आणि साडेबाराला शेवटचं पान सोडायचं, हा त्यांचा रोजचा क्रम.

या मुलाची कॉपी डेस्कवर सगळ्यांना माहीत होती. इंट्रो, म्हणजे बातमीचा मुख्य मुद्दा सांगणारी सुरुवात, तिसऱ्या परिच्छेदात सापडायचा. एका वाक्यात चार क्रियापदं असायची आणि त्यातलं एखादं कर्त्याशी फारकत घेतलेलं असायचं. तीनशे शब्दांची बातमी सरळ करायला वीस मिनिटं जात. पण त्या अडगळीत दर वेळी एखादी गोष्ट अशी मिळायची की ती जागेवर गेल्याशिवाय कळलीच नसती. टँकरच्या बातमीत बादल्या रांगेत ठेवून बाया कामाला गेल्या होत्या आणि एक म्हातारी सगळ्यांच्या बादल्या राखत बसली होती. उघड्या चेंबरच्या बातमीत झाकण कधीपासून नाही, त्यावर शेजारच्या दुकानदाराने पत्र्याचा पिंप आणून ठेवलाय आणि रात्री त्या पिंपाला पांढरी पिशवी बांधतात, एवढं असायचं. बाई वाक्यं सरळ करायच्या आणि हे तपशील वर आणायच्या. छापून आल्यावर बातमी चांगली दिसायची.

कार्यालयात दर महिन्याला बैठक व्हायची. तिथे कोणाच्या कॉपीवर डेस्कचा किती वेळ जातो याची यादी वाचली जायची. यादीत पहिलं नाव बहुतेक याचंच. मे महिन्याच्या बैठकीत त्याची दोन वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली गेली आणि सगळे हसले. ही गोष्ट तेव्हा कोणाला महत्त्वाची वाटली नाही.

काय बदललं आणि ते कसं लक्षात आलं

जून संपता संपता त्याची कॉपी सुधारली. इंट्रो वर आला, परिच्छेद समान लांबीचे झाले, शुद्धलेखनाची एकही चूक राहिली नाही. डेस्कवर सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं आणि त्यात बाईंचाही आवाज होता.

शंका आली ती भाषेवरून आली नाही. एका रात्री ऐनवेळी जाहिरात आली आणि त्याची नाल्यांच्या सफाईची बातमी तीनशे शब्दांवरून दीडशेवर आणायची वेळ आली. बातमी कापणं हे डेस्कचं रोजचं काम, आणि एरवी ते दुखतं. प्रत्येक वाक्यात काहीतरी असतं; ते काढलं की काय जातंय हे कळतं. या वेळी बाईंनी दुसरा परिच्छेद काढला, चौथा काढला, शेवटचा काढला, आणि बातमीत काहीच कमी झालं नाही. काढलेले तीन परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचले. जयंती नाल्याऐवजी दुसऱ्या कुठल्याही शहरातल्या नाल्याचं नाव घातलं असतं तरी ते तसेच्या तसे चालले असते. नाल्याच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला जे दिसतं, म्हणजे गाळ काढून काठावरच टाकलाय की उचलून नेलाय, पोकलेन कुठवर गेलाय, पुढे का गेला नाही, यातलं एकही वाक्य नव्हतं.

मग त्यांनी मागच्या काही कॉपी काढून वाचल्या. जवळजवळ प्रत्येक परिच्छेद एखाद्या अपेक्षेवर संपत होता: नागरिकांतून मागणी होत आहे, प्रशासनाने ठोस पावले उचलावीत, समन्वयाची गरज आहे. गोष्टी तिनाच्या घोळक्याने येत: आरोग्य, स्वच्छता आणि सुरक्षितता. ‘हा केवळ पाण्याचा प्रश्न नसून नियोजनाचा प्रश्न आहे’ या घाटाचं वाक्य वेगवेगळ्या विषयांवरच्या बातम्यांत होतं. ‘अधोरेखित’, ‘बहुआयामी’ हे शब्द या मुलाच्या तोंडी कधी आले नव्हते.

तरीही एवढ्यावरून बाईंनी काही ठरवलं नाही, आणि ते योग्यच होतं. असं लिहिणारी माणसं भरपूर आहेत. सरकारी प्रेसनोट याच घाटाची असते, आणि प्रेसनोट रोज वाचणाऱ्या बातमीदाराच्या हाताला ते वळण लागतंच. तरुण मुलगा प्रयत्नपूर्वक ‘पेपरची भाषा’ शिकत असेल तर तोही आधी असंच लिहील. लिहिण्याच्या ढबीवरून माणसावर ठपका ठेवता येत नाही.

ती रात्र

जुलैत पंचगंगा पात्राबाहेर पडली. कोल्हापुरात पाण्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात आणि ती फूट-इंचांत सांगतात. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. हे दोन आकडे शहरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात, कारण 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे. पातळी इशाऱ्याच्या वर गेली की प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत गावातून जनावरं हलवायची की आणखी एक रात्र थांबायचं, याचा विचार सुरू होतो. शहरात सुतारवाड्यातली कुटुंबं मठात हलायला म्हणून बोचकी बांधायला लागतात. त्या दिवसांत लोक पेपरमध्ये सगळ्यात आधी पातळी बघतात.

रात्री साडेदहाच्या सुमारास मुख्य बातमी आली. शीर्षक त्यानेच सुचवलं होतं: ‘पंचगंगेच्या पातळीत किंचित घट, नदीकाठाला दिलासा’. आत लिहिलं होतं:

> ‘दुपारी चार वाजता 39.9 फुटांवर असलेली पाणीपातळी रात्री आठ वाजता 39.11 फुटांवर आल्याने नदीकाठच्या नागरिकांना काहीसा दिलासा मिळाला आहे. तथापि, धरणांतून मोठ्या प्रमाणात विसर्ग सुरू असल्याने सतर्कता, समन्वय आणि सजगता बाळगणे गरजेचे असल्याचे चित्र आहे.’

बाईंचा हात शीर्षकावरच थांबला. दिवसभर पाऊस होता, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले होते, मग पाणी उतरेल कसं? त्यांनी पूरनियंत्रण कक्षाचं पत्रक उघडलं. चार वाजता 39 फूट 9 इंच, आठ वाजता 39 फूट 11 इंच. म्हणजे पाणी दोन इंच चढलं होतं.

चूक कुठून आली हे समजून घेण्यासारखं आहे. कोल्हापुरात घाईत टिपण काढताना ‘39.9’ आणि ‘39.11’ असंच लिहितात. मधला ठिपका फूट आणि इंच वेगळे करण्यापुरता असतो, आणि इथल्या कोणाचाही त्यात गोंधळ होत नाही. पण गणितात तो दशांश ठरतो. तसं वाचलं तर 39.11 हा आकडा 39.9 पेक्षा लहान, म्हणजे पाणी उतरलं. दशांशाने 39.11 म्हणजे 39 फुटांवर जेमतेम सव्वा इंच. खरं पाणी त्याच्या जवळपास दहा इंच वर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलीत कोणी तो अंक वाचून म्हशी गोठ्यातच ठेवल्या असत्या, तर पेपरने सांगितलं म्हणूनच ठेवल्या असत्या.

आता बाईंना जे कळलं ते असं: भोगावतीच्या काठावर वाढलेला पोरगा 39.11 ला उतार म्हणणार नाही. त्याच्या कॉपीत व्याकरण चुकेल, पण पाणी चढतंय की उतरतंय हे चुकणार नाही. टिपण त्याचं होतं. वाक्य त्याचं नव्हतं. ते टिपण अशा कशाने तरी वाचलं होतं, ज्याला फूट-इंच माहीत नव्हते आणि नदीही माहीत नव्हती.

त्याच कॉपीत दोन कोट होते. ‘सुतारवाड्यातील एका रहिवाशाने’ म्हटलं होतं की दरवर्षी आम्ही या संकटाला सामोरे जातो, कायमस्वरूपी उपाययोजना व्हावी. आणि ‘चिखलीतील एका शेतकऱ्याने’ प्रशासनाच्या तत्परतेबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. दोघांनाही नाव नव्हतं, वय नव्हतं, आवाजही नव्हता.

समोरचे पर्याय

पान सुटायला दीड तास होता. बाईंसमोर चार वाटा होत्या.

पहिली: आकडा दुरुस्त करायचा, शीर्षक बदलायचं आणि गप्प बसायचं. रात्रीपुरतं हे पुरलं असतं. पण उद्याची कॉपी अशीच येणार होती, आणि प्रत्येक चूक आकड्यातून उघडी पडेल असं नव्हतं. कोणी न बोललेला कोट कुठल्या पत्रकाशी ताडून बघायचा? अंकावर संपादकाचं नाव जबाबदार म्हणून छापलेलं असतं. डेस्कवर दिसलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत न नेणं म्हणजे त्यांना अंधारात ठेवणं होतं.

दुसरी: लगेच निवासी संपादकांना फोन करायचा. पण सांगायचं काय? हातात एक चुकीचा आकडा आणि काही गुळगुळीत वाक्यं होती. आकड्याची चूक कोणाकडूनही होते. मुलगा ‘घाईत चुकलं’ म्हणाला असता आणि पुढे कधी खरं बोलला नसता.

तिसरी वाट शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सुचवली: मजकूर यंत्राने लिहिलाय का हे सांगणारी संकेतस्थळं आहेत, तिथे टाकून बघू. बाईंनी नकार दिला. ही साधनं टक्केवारी देतात, पुरावा देत नाहीत, आणि माणसाने लिहिलेल्या साच्यातल्या मजकुरालाही यंत्राचा ठरवतात. ओपनएआय या कंपनीने स्वतःचं असं साधन जुलै 2023 मध्ये कमी अचूकतेमुळे बंद केलं होतं. तेही मुख्यतः इंग्रजीसाठी होतं; मराठीवर अशा टक्केवारीचा भरवसा धरणं आणखी अवघड. शिवाय न छापलेली बातमी बाहेरच्या संकेतस्थळावर चढवायची हेही बरोबर नव्हतं. समजा, ‘नव्वद टक्के’ आलं असतं, तर त्याचं करायचं काय होतं? त्या आकड्यापुढे मुलगा स्वतःचा बचाव करू शकला नसता, आणि बाई स्वतःचा आरोपही सिद्ध करू शकल्या नसत्या.

चौथी: त्याच्यासोबत त्याची वही घेऊन बसायचं. बातमीत जे आहे ते वहीत आहे का, एवढंच बघायचं. यात लेखनशैलीचा प्रश्नच येत नाही. मजकूर कोणी लिहिला यापेक्षा त्यातली कुठली गोष्ट कुठून आली, हे विचारलं जातं, आणि हा प्रश्न कुठल्याही बातमीदाराला कधीही विचारता येतो.

बाईंनी चौथी वाट घेतली, पण मनाशी एक रेघ आखून: वहीत आधार नसलेला एकही कोट निघाला, तर प्रकरण आपल्यापुरतं ठेवायचं नाही.

काय केलं

त्या रात्री आकडे फूट-इंचांत लिहिले. शीर्षक ‘पंचगंगा 39 फूट 11 इंचांवर, वाढ सुरूच’ असं केलं. विसर्गाचा नेमका आकडा पत्रकातून घेतला: राधानगरीचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडे, प्रत्येकी 1428 क्युसेक, आणि वीजगृहातून 1500, मिळून 4356. दोन्ही कोट काढले. मुलाला फोन लावला, तो लागला नाही. मुलाच्या नावाची बायलाइन काढून ‘प्रतिनिधी’ केलं. उरलेला मजकूर तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बैठकीच्या आधी, बाईंनी त्याला कार्यालयाखालच्या चहाच्या गाडीवर गाठलं. डेस्कवर नाही, चारचौघांत नाही.

‘काल पाणी चढत होतं का उतरत होतं?’

‘चढत होतं की मॅडम.’

‘मग तू उतरलं म्हणून का लिहिलंस?’

त्याने सकाळी अंक पाहिला होता. शीर्षक बदललेलं दिसलं होतं, पण का ते त्याला कळलं नव्हतं. आपण काय पाठवलं हे त्याने पाठवताना वाचलंच नव्हतं. बाईंनी मूळ कॉपी मोबाईलवर दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला.

‘मी 39.11 लिहिलं होतं. पुढचं त्यानं केलं.’

‘कोणी?’

मग त्याने सांगितलं. नदीकाठावरून परतताना गाडी बाजूला लावून तो वहीतले मुद्दे मोबाईलवर टाइप करायचा आणि मजकूर लिहून देणाऱ्या ॲपमध्ये टाकायचा. वर एक ओळ: ‘यावरून वृत्तपत्रासाठी तीनशे शब्दांची बातमी लिहा.’ आलेला मजकूर उचलून ईमेल. पुराच्या दिवसांत सात-आठ बातम्या, प्रत्येकीची अर्ध्या तासात संकेतस्थळासाठी वेगळी कॉपी, वर एक व्हिडिओ. सुरुवात मात्र पुराआधीच झाली होती, मेच्या बैठकीनंतर.

‘त्या दिवशी सगळी हसली मॅडम. नंतर सगळी म्हणाली, आता चांगलं लिहितोयस. तुम्हीपण म्हणालात.’

बाईंनी वही मागितली. तिथे, चहाच्या गाडीशेजारी, प्रकरणाचा खरा उलगडा झाला. सुतारवाड्याच्या पानावर लिहिलं होतं: ‘जिना. 2 री पायरी. मागल्या वेळी 5 वी. फ्रिज माळ्यावर. मठात जाणार न्हाय, म्हातारा अंथरुणाला.’ बाजूला एका बाईंचं नाव आणि वय होतं.

‘हे काय आहे?’

‘त्या बाई म्हणाल्या, पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं की आमी उठतो. आत्ता पहिली बुडालीया. पण औंदा मठात जाता येत न्हाय, सासरा अंथरुणाला हाय, त्याला उचलून न्यायला चार माणसं लागत्यात, ती कुठनं आणू? फ्रिज तेवढा माळ्यावर चढवून घेतलाय.’

बातमीत त्याचं झालं होतं ‘कायमस्वरूपी उपाययोजना व्हावी’. त्या बाईंनी उपाययोजना हा शब्दही उच्चारला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलवायला स्थलांतराच्या यादीत सोय नाही, ही त्या दिवशी शहरातली सगळ्यात मोठी बातमी होती. ती वहीत होती आणि छापून आली नव्हती.

चिखलीच्या पानावर पातळी, हलवलेल्या म्हशी, सोनतळीकडे जाणारा रस्ता, एवढंच होतं. समाधान व्यक्त करणारा शेतकरी वहीत कुठेच नव्हता.

‘हा कोण?’

‘तो... त्यानंच घातला असेल. मला वाटलं, लोक असं म्हणतातच की.’

दोन्ही कोट वाचताना सारखेच वाटले असते, पण त्यांचं वजन सारखं नव्हतं. पहिल्यात खऱ्या माणसाचं बोलणं धुऊन टाकलं होतं. ते वहीतून परत आणता येत होतं. दुसऱ्यात माणूसच नव्हता. बाईंनी हा फरक त्याला तिथेच सांगितला आणि हेही सांगितलं की दुसरी गोष्ट मुख्य बातमीदारांना सांगावी लागेल. ‘तू स्वतः सांग. मी सोबत येते.’ तो आला.

मुख्य बातमीदारांनी आणि बाईंनी मिळून जूनअखेरपासूनच्या त्याच्या बातम्या काढल्या. प्रत्येक कोट आणि प्रत्येक आकडा वहीशी ताडला. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही. बहुतेक आकडे बरोबर निघाले. बिननावाचे बरेचसे कोट पहिल्या प्रकारचे होते, काही दुसऱ्या. एक मात्र नावानिशी होता: महापालिकेच्या एका अधिकाऱ्याने काम ‘आठ दिवसांत’ पूर्ण करण्याचं आश्वासन दिल्याचं छापून आलं होतं. वहीत होतं, ‘साहेब म्हणाले बघतो’. आठ दिवस कोणी म्हटलंच नव्हतं. त्या भागातले रहिवासी ती बातमी दाखवून कार्यालयात भांडून आले होते.

प्रकरण निवासी संपादकांकडे गेलं. त्यांचा पहिला विचार काढून टाकण्याचा होता. मुख्य बातमीदार म्हणाले, मुलाने लपवलं नाही आणि वह्या खऱ्या आहेत. तो जागेवर गेलाच नसता तर गोष्ट वेगळी होती. शेवटी लेखी ताकीद, महिनाभर बायलाइन बंद, आणि अधिकाऱ्याच्या कोटबद्दल त्याच पानावर दुरुस्ती, असं ठरलं.

पुढे काय झालं

डेस्कने तीन गोष्टी बदलल्या. पातळी लिहायची ती ‘39 फूट 11 इंच’ अशीच. ठिपका बंद, वहीतसुद्धा. बातमीत कोट असेल तर वहीच्या त्या पानाचा फोटो कॉपीसोबत यायचा. आणि शुद्धलेखन तपासायला कुठलंही साधन वापरा, पण वाक्य रचायला नाही. वेळ नसेल तर मुद्दे तसेच पाठवा, बातमी डेस्क लिहील. दुरुस्त्यांची यादी बैठकीत वाचणं बंद झालं. हे शेवटचं बाईंनी आग्रहाने करून घेतलं, कारण ती यादी ऐकून कोणाचं लेखन सुधारलं नव्हतं, फक्त चुका दिसेनाशा झाल्या होत्या.

पहिले काही आठवडे जड गेले. मुलाची कॉपी पुन्हा खडबडीत येऊ लागली. शिवाय त्याचा लिहिण्याचा सराव मोडला होता. सलग परिच्छेद लिहायची सवय तेवढ्या दिवसांतच सुटली होती. बाईंनी त्याच्याकडून लिहून घेणं काही दिवस थांबवलं. तो फोन करायचा आणि त्या विचारायच्या, ‘काय बघितलंस?’ तो सांगेल तसं त्या टाइप करायच्या आणि मग त्यालाच ते वाचायला पाठवायच्या. बोलताना त्याचा इंट्रो आपोआप वर यायचा. सुतारवाड्याची बातमी अशीच पुन्हा लिहिली गेली. पहिलं वाक्य होतं: ‘पाणी दाराशी आले आहे, पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला उचलणार कोण, या प्रश्नापाशी एक कुटुंब थांबले आहे.’ दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाला हलवायला माणसं गेली.

पान काही रात्री उशिरा सुटलं आणि छपाईकडून तक्रारी आल्या. त्यावर तोडगा म्हणून पुराच्या दिवसांत संकेतस्थळाची कॉपी बातमीदाराकडून काढून डेस्ककडे दिली. याने मुलावरचा भार कमी झाला आणि डेस्कवरचा वाढला. माणूस वाढवून मिळाला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कॉपी सुधारल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘हे कसं जमवलंस?’ एवढं विचारायला हवं होतं. बातमीदाराचं लेखन सुधारतं, पण पायरी पायरीने: आधी इंट्रो सुधारतो, मग वाक्यं आखूड होतात, अनुस्वार शेवटपर्यंत चुकत राहतात. सगळं एकाच आठवड्यात सुधारलं तर त्यामागे काहीतरी कारण असतं. डेस्कने कारण न विचारता कौतुक केलं, आणि मुलाला वाटलं की कार्यालयाला हेच हवंय.

त्या रात्रीचा निर्णयही तपासून बघण्यासारखा आहे. बाईंनी आकडा बदलला, कोट काढले आणि उरलेली कॉपी छापली. आकड्यावर विश्वास उरला नव्हता, मग बाकीच्या मजकुरावर कशाच्या जोरावर ठेवला? पूरनियंत्रण कक्षाचं पत्रक हातात होतं. त्यातून शंभर शब्दांची कोरडी बातमी करता आली असती आणि उरलेली जागा धरणसाठ्याच्या तक्त्याने भरता आली असती. पाणी चढत असताना वाचकाला तेवढंच पुरतं. पान सुंदर दिसलं नसतं, एवढाच तोटा.

दुरुस्तीच्या मजकुराबद्दल कार्यालयात दोन मतं पडली. छापलं गेलं ते असं: ‘अनवधानाने चुकीचे विधान प्रसिद्ध झाले.’ बाईंचं म्हणणं होतं की हे अनवधान नव्हतं. अधिकारी जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घातलं गेलं, असं स्पष्ट लिहायला हवं. संपादकांना भीती होती की मग वाचक प्रत्येक कोटाकडे संशयाने बघतील. पण ज्या रहिवाशांनी ती बातमी दाखवून भांडण केलं, त्यांना ‘अनवधान’ या शब्दातून काहीच कळलं नाही. बाईंचं म्हणणं जास्त बरोबर होतं.

तालुक्याच्या वार्ताहरांचा प्रश्न मात्र तसाच आहे. त्यांना पगार नाही, छापून आलेल्या बातमीवर मानधन मिळतं. वहीचा फोटो पाठवण्याचा नियम त्यांना लावला तेव्हा निम्म्यांनी कोटच पाठवणं बंद केलं, आणि त्यांच्या बातम्या आता जास्त सफाईदार आणि जास्त पोकळ येतात. त्यांच्याकडून ‘काय बघितलंस’ हे फोनवर विचारून घ्यायला डेस्कवर रात्री नऊ ते अकरा या वेळात आणखी एक माणूस लागेल. तशी मागणी बाईंनी लेखी दिली आहे.